आधारचा नंबर बंद आणि रिटर्न अडकलेलं: पडताळणीच्या दुसऱ्या वाटा

आयकराचं रिटर्न भरलं, ‘Submit’ झालं, पावती क्रमांकही आला. आणि पडताळणीच्या पानावर ‘आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे’ असं दिसल्यावर हातातला फोन मुका. इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात किंवा सुदामा नगरात पेन्शनवर जगणाऱ्या पुष्कळ घरांत दर वर्षी जुलैअखेरीस हेच होतं. आधार काढताना दिलेला नंबर दिवंगत पतीचा, परगावी गेलेल्या मुलाचा किंवा केव्हाच बंद पडलेल्या सिमचा असतो. रिटर्न तर भरून झालेलं असतं. पण पडताळणी होईपर्यंत ते आयकर विभागाच्या लेखी पूर्ण झालेलं नसतं, त्यावर पुढची प्रक्रिया होत नाही आणि परतावाही निघत नाही.

आधार ओटीपी ही पडताळणीची सगळ्यात सोपी वाट आहे, एकमेव नाही. कुठली दुसरी वाट तुमच्यासाठी खुली आहे, हे तुमचे मोबाइल नंबर कुठे-कुठे नोंदलेले आहेत त्यावर ठरतं. म्हणून आधी नंबर तपासायचे, मग वाट निवडायची. उलट क्रमाने गेलं की एका पानावरून दुसऱ्या पानावर भटकण्यात आठवडा जातो.

तीन वह्या, तीन नंबर

तुमचा मोबाइल नंबर तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेला असतो: आधारच्या नोंदीत, आयकर पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये आणि बँकेत. या तिन्ही वह्या स्वतंत्र आहेत. एकीत नंबर बदलला म्हणून दुसरीत तो आपोआप बदलत नाही. बँकेत नवा नंबर दिला म्हणजे सगळीकडे गेला, ही समजूत फार पसरलेली आहे आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधारची नोंद तपासायला myaadhaar.uidai.gov.in उघडा आणि ‘Check Aadhaar Validity’ निवडा. बारा आकडी आधार क्रमांक आणि चित्रातली अक्षरं भरली की वयोगट, लिंग, राज्य आणि नोंदलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. या तीन आकड्यांवरून ‘अरे, हा तर ह्यांचा जुना नंबर’ हे लगेच कळतं. मोबाइलची जागा रिकामी असेल तर आधारला नंबर कधी जोडलेलाच नाही. अशा वेळी पोर्टलवर कितीही वेळा ओटीपी मागवला तरी तो येणार नाही.

पोर्टलवरचा नंबर पाहायला incometax.gov.in वर लॉगिन करा आणि वर उजवीकडे तुमच्या नावावर दाबून ‘My Profile’ मध्ये जा. तिथे संपर्काच्या तपशिलात मोबाइल आणि ईमेल दिसतील. पुष्कळ जणांना इथे कर सल्लागाराचा नंबर सापडतो. पहिल्या वर्षी खातं त्यांनीच उघडलेलं असतं आणि सोयीसाठी स्वतःचा नंबर घातलेला असतो. तेव्हा ते चाललं, पण पडताळणी अडली की हाच नंबर आडवा येतो.

बँकेचा नंबर तपासणं सोपं: पैसे जमा झाल्याचा संदेश ज्या फोनवर येतो तो नंबर. संदेश येत नसेल तर पासबुक घेऊन शाखेत विचारा.

हे तीन नंबर एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे ‘माझ्या हातात आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहा. पुढचं सगळं या कागदावरून ठरतं.

हे करताना एक सावधगिरी बाळगा. बंद झालेला नंबर काही काळाने दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, म्हणजे तुमचा आधार ओटीपी आज एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जात असू शकतो. त्या नंबरावर फोन करून ‘जरा ओटीपी सांगता का’ असं विचारू नका. आधारचा ओटीपी नुसत्या रिटर्नपुरता नसतो, आणि आपल्या आधारचा नंबर त्याच्याकडे आहे हे त्या माणसाला कळणंच धोक्याचं आहे.

आधी खात्री करा की अडचण नंबराचीच आहे

ओटीपी न येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि पडद्यावरचा मजकूर वाचल्यास ती ओळखता येतात. ‘पॅन आधारशी जोडलेलं नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर तो नंबराचा प्रश्न नाही. पॅन-आधार जोडणी वेगळी करावी लागते आणि तिच्यासाठी १,००० रुपयांचं विलंब शुल्क आहे. ‘ओटीपी पाठवला’ असा संदेश आला पण फोनवर काही आलं नाही, तर मात्र नंबर जुळत नसण्याची शक्यता जास्त. नंबर तुमचाच असूनही संदेश आला नाही तर फोनमध्ये सिग्नल आहे का, रिचार्ज संपून येणारे संदेश अडलेत का, संदेशांचा साठा भरलाय का, हे पाहा आणि थोड्या वेळाने पुन्हा मागवा. आधार ओटीपी सहा आकड्यांचा असतो, १५ मिनिटं चालतो आणि टाकायला तीन संधी मिळतात. दुसऱ्यांदा ओटीपी मागवला तर पहिला विसरा. दोन्ही संदेश एकाखाली एक आलेले असतात आणि घाईत जुनाच टाकला जातो.

तीस दिवसांचं गणित

रिटर्न अपलोड केल्यापासून ३० दिवसांत पडताळणी झाली पाहिजे. १ ऑगस्ट २०२२ च्या आधी हीच मुदत १२० दिवसांची होती, त्यामुळे ‘चार महिने आहेत, बघू’ असं सांगणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका.

तीस दिवसांच्या आत पडताळणी झाली तर रिटर्न अपलोड केल्याच्या तारखेलाच भरलं असं धरतात. तीस दिवस उलटून गेल्यावर केली तर पडताळणीची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख ठरते. ऐकायला हा बारीक फरक वाटतो, पण त्याचा फटका मोठा बसतो. पगार किंवा पेन्शनवाल्यांची नेहमीची मुदत ३१ जुलै. समजा तुम्ही २७ जुलैला रिटर्न भरलं आणि पडताळणी ५ सप्टेंबरला केली. मग तुमचं रिटर्न ५ सप्टेंबरचं, म्हणजे उशिराचं. एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये आणि त्याहून जास्त असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क लागतं. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. ज्यांना धंद्याचं उत्पन्न नाही आणि ज्यांनी जुनी करपद्धत निवडली आहे, त्यांना ती निवड फक्त मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच करता येते. पडताळणी लांबली तर विमा, पीपीएफ, वैद्यकीय विमा यांच्या वजावटी धरून केलेला सगळा हिशोब कोसळतो आणि नव्या पद्धतीने कर निघतो. विलंब शुल्कापेक्षा ही रक्कम कधीकधी कितीतरी मोठी असते.

मुदत मोजताना अपलोडचा दिवस सोडून मोजा. २७ जुलैला भरलेल्या रिटर्नचा तिसावा दिवस २६ ऑगस्ट.

आता लोक सगळ्यात आधी कशाकडे धावतात? आधार केंद्राकडे, नंबर बदलायला. नंबर बदलायलाच हवा, पण नोंद बदलून यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात आणि तेवढीच तुमची सगळी मुदत आहे. या वर्षीची पडताळणी आधारच्या भरवशावर ठेवू नका. आधारचं काम एका बाजूने सुरू करा आणि पडताळणी दुसऱ्या वाटेने पूर्ण करा.

कुठला नंबर हातात आहे, त्याप्रमाणे वाट

सगळ्यात आधी नेट बँकिंग आहे का ते पाहा. असेल तर बाकीचं वाचायची गरज पडणार नाही. पोर्टलच्या लॉगिन पानावर खाली ‘Other ways to access your account’ असं दिसतं, तिथे ‘Net Banking’ निवडा. बँकांची यादी येते, आपली बँक निवडा. मग बँकेचं नेहमीचं नेट बँकिंग उघडतं. त्यात लॉगिन करून आयकर ई-फायलिंगची लिंक शोधा. ती बहुधा कराच्या किंवा इतर सेवांच्या भागात असते. तिच्यावर दाबलं की तुम्ही आयकर पोर्टलवर आत आलेले असता. मग ‘e-File’, ‘Income Tax Returns’, ‘e-Verify Return’ असं जा, संबंधित वर्षाच्या रिटर्नपुढे ‘e-Verify’ दाबा आणि नेट बँकिंगचा पर्याय निवडा. इथे आधारचा ओटीपी लागत नाही. बँक तुम्हाला ओळखते, आणि ती ओळखच पोर्टल मान्य करतं. बँकेच्या लॉगिनसाठी बँकेचा ओटीपी लागेल, म्हणून बँकेतला नंबर हातात हवा.

अडचण आली तर ती दोनपैकी एक असते. पहिली, बँकेत पॅन नोंदलेला नसणं. मग लिंकच दिसत नाही किंवा पोर्टल आत घेत नाही. शाखेत पॅनची प्रत देऊन नोंद करून घ्यावी लागते. दुसरी जोडप्यांच्या बाबतीत येते. संयुक्त खात्याचं नेट बँकिंग काकांच्या नावाचं असेल तर पोर्टलवर काकांचाच पॅन उघडतो. काकूंच्या रिटर्नची पडताळणी तिथून होणार नाही, त्यांचं स्वतःचं नेट बँकिंग हवं.

नेट बँकिंग नसेल तर बँक खात्याची ईव्हीसी. ईव्हीसी म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून दहा चिन्हांचा कोड, तो ७२ तास चालतो. मिळवण्यासाठी पोर्टलवर ‘My Profile’ मध्ये ‘My Bank Account’ उघडा. खातं आधी जोडलेलं आणि प्रमाणित हवं. नसेल तर ‘Add Bank Account’ वरून खाते क्रमांक, खात्याचा प्रकार आणि आयएफएससी भरा. ते बँकेकडे तपासायला जातं. हे कधी लगेच होतं, तर कधी दहा-बारा कामाचे दिवस लागतात, हे मुदतीच्या हिशोबात धरा. प्रमाणित झालेल्या खात्यापुढे ‘Enable EVC’ दिसतं. एका वेळी एकाच खात्यावर ईव्हीसी चालू करता येते.

खरी ग्यानबाची मेख इथे आहे. ईव्हीसी चालू होण्यासाठी पोर्टलच्या प्रोफाइलमधला मोबाइल नंबर आणि बँकेतला नंबर जुळावा लागतो. जुळत नसेल तर खात्याच्या नोंदीत मोबाइल नंबराशेजारी उद्गारचिन्ह दिसतं. लोक खातं प्रमाणित झालेलं पाहून निश्चिंत होतात आणि त्या छोट्या चिन्हाकडे दुर्लक्ष करतात. परतावा जमा व्हायला ते खातं पुरेसं असतं. पडताळणीला मात्र पुरत नाही. नंबर जुळवायचा तर दोनपैकी सोपं काय ते करा: पोर्टलवरचा नंबर घरबसल्या बदलता येतो, बँकेतला बदलायला बहुधा शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो. म्हणून बँकेतला नंबर तुमच्या हातात असेल तर पोर्टलवर तोच घाला.

पोर्टलवर नंबर बदलायला प्रोफाइलमधल्या संपर्काच्या तपशिलात ‘Edit’ दाबा, नवा मोबाइल आणि हवा तर नवा ईमेल लिहा. नव्या मोबाइलवर आणि ईमेलवर ओटीपी येतात, ते टाकले की काम झालं. ईमेलही कर सल्लागाराचा असेल तर दोन्ही एकदमच बदला. नंबर बदलल्यावर बँक खात्याच्या पानावर परत येऊन ‘Enable EVC’ पुन्हा करा. हे आपोआप होत नाही.

यानंतर येतं एटीएम. इंदूरला गल्लोगल्ली एटीएम आहेत, तरी ही वाट फार थोड्यांना ठाऊक असते. ही सोय काही बँकांतच आहे: स्टेट बँक, कॅनरा, सेंट्रल बँक, आयसीआयसीआय, अ‍ॅक्सिस, आयडीबीआय आणि कोटक महिंद्रा. आपल्याच बँकेच्या एटीएमवर जा, कार्ड घाला, पिन टाका आणि ई-फायलिंगसाठी पिन किंवा ईव्हीसी असा पर्याय शोधा. नाव बँकेप्रमाणे बदलतं. पहिल्या पडद्यावर नसेल तर ‘इतर सेवा’ असं काही असेल त्यात पाहा. बँकेत पॅन नोंदलेला असणं इथेही गरजेचं आहे. एटीएमवरून मागवलेला कोड पोर्टलच्या प्रोफाइलमधल्या मोबाइलवर आणि ईमेलवर येतो. बँकेत कुठला नंबर आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे बँकेत जुना नंबर असेल, पण पोर्टलवरचा तुमचा असेल, तर वरची वाट बंद असूनही एटीएमची वाट खुली असते. एटीएमच्या पडद्यावर कोड दिसत नाही, त्यामुळे ‘काहीच झालं नाही’ असं वाटून लोक पुन्हा पुन्हा कार्ड घालतात. फोनवरचा संदेश आणि ईमेल दोन्ही पाहा.

कोड मिळाला की पोर्टलवर ‘e-Verify Return’ मध्ये ‘I already have an Electronic Verification Code’ अशा अर्थाचा पर्याय निवडून तिथे तो टाका. आधार ओटीपीच्या चौकटीत टाकला तर तो चुकीचाच ठरतो, कारण ती चौकट सहा आकड्यांची आहे आणि हा कोड दहा चिन्हांचा. इंग्रजी ओ आणि शून्य, तसंच एक आणि आय यांत गल्लत होते, म्हणून पाहून लिहिण्यापेक्षा संदेशातून कॉपी करणं बरं.

डीमॅट खातं असणाऱ्यांना त्या खात्यावरूनही ईव्हीसी मिळते. रीत बँक खात्यासारखीच आणि खातं आधी प्रमाणित करावं लागतं. पण फक्त पडताळणीसाठी डीमॅट उघडायला जाऊ नका.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, नारायण बागेतल्या एका निवृत्त शिक्षिकेचं रिटर्न आहे. पेन्शन, बँकेतल्या ठेवींचं व्याज आणि जुनी करपद्धत. भाच्याने २७ जुलैला रिटर्न भरून दिलं आणि पडताळणी करताना आधार ओटीपी आला नाही. भाच्याने ‘नंतर करू’ असं निवडून पान बंद केलं. त्याने काही बिघडत नाही, रिटर्न ‘पडताळणी बाकी’ या स्थितीत राहतं.

भाच्याने कागदावर तीन नंबर लिहिले. आधारमध्ये दिसणारे शेवटचे तीन आकडे काकांच्या जुन्या सिमचे, जे काका गेल्यावर बंद झालं. पोर्टलवर त्यांच्या पूर्वीच्या कर सल्लागाराचा नंबर. बँकेत मावशींचा स्वतःचा चालू नंबर, कारण पेन्शनचा संदेश त्यावरच येतो. नेट बँकिंग नाही. खातं स्टेट बँकेत, पॅन नोंदलेला आहे, एटीएम कार्ड आहे.

पहिल्या नजरेला सगळ्याच वाटा बंद दिसतात. आधार ओटीपी बंद सिमवर, बँक ईव्हीसी नंबर न जुळल्याने अडलेली, एटीएमचा कोड सल्लागाराच्या फोनवर. पण नीट पाहिलं तर दोन वाटांत एकच अडसर आहे: पोर्टलवरचा नंबर. तो बदलला की दोन्ही खुल्या होतात. मावशींच्या फोनवर आणि भाच्याने काढून दिलेल्या ईमेलवर ओटीपी आले, दहा मिनिटांत प्रोफाइल बदललं. मग बँक खात्यावर ‘Enable EVC’ ची विनंती घातली. ती लगेच मंजूर झाली तर घरीच काम होईल. नाही झाली तर वाट पाहत बसायचं नाही: मावशींना घेऊन जवळच्या स्टेट बँकेच्या एटीएमवर जायचं, कोड मागवायचा, घरी येऊन ७२ तासांच्या आत पोर्टलवर टाकायचा. कोड टाकल्यावर पडद्यावर व्यवहार क्रमांकासह पडताळणी यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि ईमेलवरही तो येतो. त्या पानाचा फोटो किंवा पीडीएफ ठेवा.

लॉगिनचा पासवर्ड सल्लागाराकडेच असेल आणि मागूनही मिळत नसेल तर गाडं जरा अडतं, कारण पासवर्ड बदलायलाही कुठल्यातरी नंबरावरचा ओटीपी, नेट बँकिंग किंवा प्रमाणित बँक खात्याची ईव्हीसी लागते. अशा वेळी बँकेत जाऊन मावशींचं नेट बँकिंग सुरू करून घेणं हा सगळ्यात सरळ उपाय. त्यातून पोर्टलवर पासवर्डशिवाय शिरता येतं आणि आत गेल्यावर प्रोफाइलही दुरुस्त करता येतं. पडताळणीपुरतं बोलायचं तर पोर्टलच्या मुखपृष्ठावरही ‘e-Verify Return’ ची लिंक आहे. तिथे लॉगिन लागत नाही. पॅन, वर्ष, पावती क्रमांक आणि हातात असलेला कुठलाही मोबाइल नंबर चालतो. त्या नंबरावर आलेला ओटीपी फक्त ते पान उघडण्यापुरता असतो. पुढे आधार ओटीपी किंवा ईव्हीसी लागतेच. पहिला ओटीपी आला म्हणजे पडताळणी झाली असं समजून पान बंद करू नका.

काहीच जमलं नाही तर कागद

कुठलाही नंबर, कार्ड किंवा नेट बँकिंग हाताशी नसेल, तर सही केलेला आयटीआर-व्ही टपालाने पाठवा. यात कुठलाही ओटीपी नाही आणि ही वाट पूर्ण वैध आहे.

पोर्टलवर ‘e-File’, ‘Income Tax Returns’, ‘View Filed Returns’ असं जाऊन त्या वर्षाची पावती उतरवा. पडताळणी बाकी असलेल्या रिटर्नची पावती म्हणजेच आयटीआर-व्ही, एका पानाची. ती पांढऱ्या ए-फोर कागदावर स्पष्ट छापा. शाई फिकी असेल किंवा बारकोड पुसट असेल तर तिकडे वाचता येत नाही. नेमलेल्या जागी निळ्या पेनाने, मूळ सही करा. झेरॉक्सवरची सही किंवा स्कॅन चालत नाही. बारकोडवर सही, शिक्का, काही लिहिणं टाळा. सोबत फॉर्म १६, पासबुक किंवा पॅनची प्रत जोडू नका, नुसता तो एक कागद हवा. पत्ता असा:

Centralised Processing Centre, Income Tax Department, Bengaluru 560500, Karnataka

साधं टपाल चालतं, पण स्पीड पोस्टच करा. मागोवा घेता येतो. जीपीओ चौराह्यावरच्या मुख्य टपाल कार्यालयातून किंवा तुमच्या भागातल्या डाकघरातून पाठवा आणि पावती जपून ठेवा. आता तीस दिवस मोजताना कागद बेंगळुरूला पोहोचल्याची तारीख धरतात, टाकल्याची नाही. म्हणून २७ जुलैच्या रिटर्नसाठी २५ ऑगस्टला स्पीड पोस्ट करणं म्हणजे नुसता जीव टांगणीला लावणं. आमचं स्पष्ट मत असं की दहा-बारा दिवसांत इतर वाटांनी काम झालं नसेल तर लगेच कागद पाठवावा, म्हणजे काही चुकलंच तर दुसरा पाठवायला वेळ उरतो. कागद मिळाल्यावर नोंदलेल्या ईमेलवर निरोप येतो. स्पीड पोस्ट पोहोचल्याचं दिसूनही आठवडाभरात पोर्टलवरची स्थिती बदलली नाही, तर वाट न बघता पुन्हा पाठवा.

तीस दिवस उलटूनच गेले असतील तर पोर्टलवर विलंब माफीची विनंती करता येते. ‘Services’ मध्ये ‘Condonation Request’ आहे, त्यात आयटीआर-व्ही उशिरा देण्याचा पर्याय निवडून कारण लिहायचं. आधारचा नंबर बंद होता, दुरुस्तीला अर्ज दिला होता, अशी तारखांसह खरी हकीकत लिहा. मंजुरी मिळेलच असं धरून चालू नका.

आधारची दुरुस्ती, पुढच्या वर्षासाठी

या वर्षीची पडताळणी मार्गी लागली की आधारचा नंबर बदलून घ्या. मोबाइल नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत. माणूस स्वतः हजर हवा, कारण बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं तपासतात. वयस्कर माणसांचे ठसे पुसट होतात, तेव्हा ‘आयरिस से कीजिए’ असं केंद्रावर आग्रहाने सांगा. ठसे जुळत नाहीत म्हणून कोणी परत पाठवू नये. आधार सेवा केंद्र, बँका आणि डाकघरांतली आधार केंद्रं हे काम करतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून याचं शुल्क ७५ रुपये आहे. ज्यांना घराबाहेर पडणं शक्य नाही, त्यांच्यासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या मार्फत पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतो. जवळच्या डाकघरात चौकशी करा.

केंद्रावर एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. पावतीवर छापलेला नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचा. एक आकडा चुकला तर तीस दिवसांनी पुन्हा सगळा फेरा. पावतीवरच्या क्रमांकावरून myaadhaar.uidai.gov.in वर स्थिती पाहता येते. ‘पूर्ण’ दिसल्यावर पुन्हा ‘Check Aadhaar Validity’ उघडा आणि शेवटचे तीन आकडे तुमच्या आजच्या नंबराचे आहेत का ते बघा.